प्रथिने घरून न्यावीत, पोळी वाटेत मिळते

वाचकाचे पत्र

माझे वय ४२, वजन ७२ किलो. पुण्यात साड्यांचे छोटे दुकान आहे. आहारतज्ज्ञांनी रोज १६०० कॅलरी आणि १०० ग्रॅम प्रथिने ठरवून दिली आहेत आणि आठवड्यातून तीन दिवस मी वजने घेऊन व्यायाम करते. घरी असले की सगळे जमते. पण दर दोन महिन्यांनी खरेदीसाठी कोलकात्याला जावे लागते. जाताना आझाद हिंद एक्स्प्रेस, येताना विमान. त्या दिवसांत प्रथिने पन्नासच्याही खाली जातात, कॅलरींचा हिशेब लागत नाही आणि परतल्यावर काटा दीड किलो वर दाखवतो. मी शाकाहारी आहे, अंडी मात्र खाते. सोबत काय न्यावे, गाडीत काय घ्यावे, की प्रवासाचे दिवस सोडूनच द्यावेत?

— एक वाचक, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रवासाचे दिवस सोडून देऊ नका. पुण्याहून हावड्यापर्यंत ज्या ज्या स्थानकावर गाडी थांबते, तिथे पीठ, बटाटा, तांदूळ, साखर आणि तेल विकायला उभे असते. प्रथिने मात्र जवळजवळ कुठेच नसतात. असे असूनही आपण घरून निघताना पोळी-भाजी, चिवडा आणि बिस्किटे बांधून घेतो, म्हणजे वाटेत जे मुबलक आहे तेच घरून वाहून नेतो. तुमच्या बाबतीत पहिला बदल इथेच करायचा आहे. पिशवीत प्रथिने भरावीत. पोळी, भात आणि फळ वाटेत घ्यावे.

कोणता पदार्थ पिशवीत घालण्याच्या योग्यतेचा आहे हे ठरवायला तुमच्याच आकड्यांतून एक सोपे माप निघते. १६०० कॅलरींमध्ये १०० ग्रॅम प्रथिने, म्हणजे दर १०० कॅलरींमागे साधारण ६ ग्रॅम. ज्या पदार्थात १०० कॅलरींमागे सहापेक्षा जास्त प्रथिने आहेत, तो तुमचा दिवस वर उचलतो. ज्यात कमी आहेत, तो खाली ओढतो आणि त्याची भरपाई दुसऱ्या कशाने तरी करावी लागते. उकडलेल्या अंड्यात सुमारे ७५ कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे शंभरी आठ. व्हे प्रोटीनच्या एका स्कूपमध्ये साधारण १२५ कॅलरींत २४ ग्रॅम, म्हणजे शंभरी एकोणीस. फुटाणे शंभरी साडेपाचच्या आसपास आहेत, म्हणजे ते तुम्हाला वर नेत नाहीत, पण फारसे खालीही आणत नाहीत. समोसा, वडा यांसारखे तळलेले पदार्थ शंभरी दोनच्या आसपास रेंगाळतात आणि बिस्किटे तर त्याहूनही खाली.

या मापाने सर्वांत मोठा गैरसमज शेंगदाण्यांबद्दलचा दूर होतो. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर असतात हे खरे आहे. १०० ग्रॅममध्ये ती २५ ग्रॅम असतात. पण त्याच १०० ग्रॅममध्ये सुमारे ५७० कॅलरीही असतात, कारण त्यातला जवळजवळ निम्मा भाग तेल आहे. म्हणजे शंभरी साडेचारच. खिडकीशी बसून मूठ-मूठ खाताना १०० ग्रॅमची पुडी कधी संपते ते कळत नाही आणि तुमच्या दिवसाच्या एक तृतीयांशाहून अधिक कॅलरी तिथेच जातात. चिक्कीत वर गूळ येतो, त्यामुळे तिचे माप आणखी घसरते. शेंगदाणे वाईट नाहीत, पण ते प्रथिनांच्या रकान्यात न लिहिता तेलाच्या रकान्यात लिहावेत. शेंगदाण्याची चटणी डब्यात जरूर असावी, मात्र ती एक चमचा असावी.

आता डबा. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला दशमी नेण्याची पद्धत जुनी आहे आणि तिच्यामागे शहाणपण आहे. दुधात भिजवलेली, कोरडी आणि नीट भाजलेली दशमी पोळीपेक्षा जास्त वेळ मऊ राहते. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रवासी मंडळींना याच दशमीत थोडा फेरफार करून देते. १५० ग्रॅम गव्हाचे पीठ घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या सोया वड्यांपैकी ५० ग्रॅम मिक्सरमधून अगदी बारीक दळून त्यात मिसळाव्यात. त्यात ३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी, दोन लहान चमचे तेल, तिखट, हळद, ओवा आणि बेताचे मीठ घालून पाण्याने भिजवावे. याच्या सहा दशम्या होतात. सगळे मिळून सुमारे ५३ ग्रॅम प्रथिने आणि ८७० कॅलरी होतात, म्हणजे एका दशमीत जवळपास ९ ग्रॅम प्रथिने आणि १४५ कॅलरी. शंभरी सहा, नेमके तुमचे माप. साध्या पोळीत ३ ग्रॅमच्या आसपास असतात, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल.

या दशमीत दोन ठिकाणी चूक होते. सोयाचा चुरा पाणी फार शोषतो, म्हणून पीठ नेहमीपेक्षा सैल भिजवून किमान वीस मिनिटे झाकून ठेवावे. लगेच लाटले तर कडा फाटतात आणि दुसऱ्या दिवशी दशमी पापडासारखी होते. दुसरे असे की, दुधाच्या भुकटीमुळे ती लवकर लालसर होते आणि भाजली गेली असे वाटते, पण आतून कच्ची राहते. म्हणून आच मंद ठेवून दोन्ही बाजू सावकाश भाजाव्यात. डब्यात भरण्यापूर्वी जाळीवर किंवा कापडावर पूर्ण गार होऊ द्याव्यात, कारण गरम दशम्या बंद केल्या की झाकणाला पाणी सुटते आणि बुरशी तिथूनच धरते. निघण्याच्या दिवशी दुपारी केलेल्या दशम्या वातानुकूलित डब्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगल्या राहतात. मे महिन्यात शयनयान डब्याने जाणार असाल तर मात्र त्या दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत संपवाव्यात.

दशम्यांबरोबर आणखी दोनच गोष्टी पिशवीत हव्यात. एक म्हणजे व्हे प्रोटीनची भुकटी, दोन स्कूप, प्रत्येक स्कूप वेगळ्या लहान कोरड्या डबीत. ती घरी पाण्यात कालवून नेऊ नये. कालवलेले पेय उन्हाळ्यात दोन तासांत उतरते आणि बाटलीला येणारा वास पुढचे दोन दिवस जात नाही. प्यायच्या वेळी बाटलीत आधी गार पाणी, मग भुकटी, मग जोराने हलवणे हा क्रम पाळला तर गुठळ्या होत नाहीत. प्यायल्यावर लगेच पाणी घालून बाटली खळखळवावी. दूध पचत नसेल तर साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटऐवजी आयसोलेट घ्यावे, कारण त्यात दुधातली साखर फारच थोडी असते. आणि कोणतीही नवी भुकटी पहिल्यांदा गाडीत चाखू नये. घरी आठवडाभर घेऊन पोटाला ती मानवते हे पाहिल्यावरच ती प्रवासाला न्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे ८० ग्रॅम फुटाणे, पण ते ४०-४० ग्रॅमच्या दोन पुड्या करून, मोठ्या पिशवीत नाही.

सत्तूबद्दल मला वारंवार विचारले जाते, म्हणून इथेच सांगते. बिहार-झारखंडकडचा सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. त्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात आणि पाणी, लिंबू, मीठ घालून तो फुटाण्यांच्या जागी उत्तम चालतो. आपल्या घरातले सातूचे पीठ ही वेगळी गोष्ट आहे. त्यात गहू किंवा जव आणि थोडे डाळे असते आणि ते गूळ घालून कालवले जाते. नावे सारखी वाटतात म्हणून एकाच्या जागी दुसरे धरू नये.

आता तुमची गाडी प्रत्यक्ष पाहू. आझाद हिंद पुण्याहून संध्याकाळी सुटते, रात्री भुसावळ ओलांडते, दुसऱ्या सकाळी नागपूर, दुपारी रायपूर-बिलासपूर करत तिसऱ्या दिवशी पहाटे हावड्याला पोहोचते. प्रवास सुमारे तेहेतीस तासांचा असला तरी पूर्णपणे गाडीत जाणारा दिवस एकच आहे. निघण्याचा दिवस बव्हंशी घरचा असतो, आणि तुमच्या वर्णनावरून मला अशी शंका येते की, सामान बांधण्याच्या गडबडीत तुमचा नेमका तोच दिवस हातचा जातो. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी घाईने वरण-भात, आणि गाडीत बसेपर्यंत जेमतेम वीस ग्रॅम प्रथिने झालेली. मग रात्री गाडीत ती भरून काढणे अशक्य होते.

म्हणून त्या दिवशी घर सोडण्यापूर्वीच ७० ग्रॅम पूर्ण करावेत. न्याहारीला दोन अंडी, एक पोळी आणि वाटीभर दही घेतले की २० ग्रॅम होतात. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, भाजी आणि पाऊणशे ग्रॅम पनीर म्हणजे आणखी २६. निघण्यापूर्वी घरीच एक स्कूप व्हे, म्हणजे २४. इथवर ७० ग्रॅम प्रथिने आणि साधारण ११६५ कॅलरी झाल्या. रात्री गाडीत तीन दशम्या खाल्ल्या की प्रथिने ९७ आणि कॅलरी १६०० वर येतात. दौंड सुटल्यावर पॅन्ट्रीवाला जेवणाची नोंद घ्यायला येईल. त्याला नाही म्हणायला आता अवघड जाणार नाही, कारण तुमचे जेवण झालेले असेल.

दुसरा दिवस खरा परीक्षेचा. सकाळी नागपूरच्या आसपास ब्रेड-ऑम्लेट घ्यावे. रेल्वेच्या न्याहारीत दोन अंड्यांचे ऑम्लेट, ब्रेडचे दोन तुकडे आणि लोण्याची छोटी वडी येते; लोणी बाजूला ठेवले तर १५ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ३०० कॅलरी होतात. त्याच ठिकाणी शाकाहारी न्याहारी म्हणून कटलेट घेतले तर कॅलरी तेवढ्याच आणि प्रथिने निम्म्याहूनही कमी, म्हणून अंडी खाणाऱ्याने इथे ऑम्लेटच घ्यावे. दुपारी उरलेल्या तीन दशम्या आणि स्थानकावर किंवा पॅन्ट्रीत मिळणारी दह्याची सीलबंद वाटी, मिळून ३० ग्रॅम आणि ४९५ कॅलरी. पाच वाजता पाण्यातून एक स्कूप व्हे, २४ ग्रॅम आणि १२५ कॅलरी. हा स्कूप मी मुद्दाम पाचला ठेवते, कारण गाडीत अवेळी खाण्याची इच्छा सर्वांत तीव्र होते ती दुपारची झोप संपल्यावर, आणि नेमके तेव्हाच डब्यात भजी-समोसे फिरू लागतात.

रात्री रेल्वेची शाकाहारी थाळी घ्यावी. संपूर्ण थाळी खाल्ली तर अंदाजे ७५० कॅलरींत २० ग्रॅमच प्रथिने मिळतात, म्हणून तिच्यातून निवड करावी. दोन चपात्या, सगळे वरण, भाजी आणि दही घ्यावे. भात आणि लोणचे ठेवून द्यावे. वरण पातळ असते, तळाशी डाळ असते, म्हणून ते चमच्याने ढवळून मगच खावे. मी कित्येकांना वरचे पाणी खाऊन तळाची डाळ टाकून देताना पाहिले आहे. अशा निवडीतून १५ ग्रॅम आणि ४३० कॅलरी मिळतात. दिवसभरात मध्ये केव्हातरी ४० ग्रॅम फुटाण्यांची एक पुडी, ८ ग्रॅम आणि १५० कॅलरी. आणि दोन चहा, ३ ग्रॅम आणि १४० कॅलरी. बेरीज केली तर ९५ ग्रॅम प्रथिने आणि १६४० कॅलरी होतात. शंभराला पाच कमी आणि सोळाशेला चाळीस जास्त. गाडीतल्या दिवसासाठी याहून नेमके असण्याची गरज नाही, कारण थाळीतला भाजीचा तेलाचा हातच याहून जास्त इकडे-तिकडे होतो. जेवण मिळालेच नाही किंवा गाडी चार-पाच तास उशिरा धावू लागली, तर पिशवीतला दुसरा स्कूप आणि फुटाण्यांची दुसरी पुडी त्यासाठीच आहे. एरवी त्यांना हात लावू नये.

पॅन्ट्रीतले जेवण नको असेल तर आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून पीएनआर क्रमांक देऊन पुढच्या मोठ्या स्थानकावर जागेवर जेवण मागवता येते आणि त्यात अंडाकरी किंवा पनीरचे पदार्थ निवडता येतात. पनीरच्या रस्सेदार भाजीत पनीरपेक्षा तेल आणि काजूची ग्रेव्ही अधिक असते, म्हणून तिच्याऐवजी अंडाकरी किंवा तंदुरी पनीर मागवावे.

चहाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तुमच्या हरवलेल्या कॅलरींतला मोठा वाटा बहुधा तिथे आहे. गाडीतल्या दूध-साखरेच्या एका कपात ७० कॅलरी धरा. दर दीड-दोन तासांनी चहावाला जातो, समोरचे प्रवासी घेतात, तुम्हालाही आग्रह होतो आणि झोपेपर्यंत सात-आठ कप होतात. म्हणजे पाचशेहून अधिक कॅलरी, एका पूर्ण जेवणाइतक्या, ज्यांची आठवण रात्री कुणालाच राहत नाही. प्रवासात मी लोकांना सगळे काही लिहायला सांगत नाही, पण चहाचा प्रत्येक कप बोटावर मोजायला सांगते. दोन साखरेचे, त्यापुढचे बिनसाखरेचे किंवा लिंबू घातलेले गरम पाणी. शेजाऱ्यांनी पुढे केलेला घरचा लाडू किंवा ठेपला नाकारणे आपल्याकडे अवघड असते, आणि तो नाकारावा असे मला वाटतही नाही. एक घ्यावा आणि फुटाण्यांची पुडी त्या दिवसापुरती तशीच ठेवावी.

पाण्याकडे मात्र खरोखरच लक्ष द्या. गाडीतल्या स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून विशेषतः स्त्रिया पाणी पिणे जवळजवळ बंद करतात. घरच्या साध्या जेवणावर ते कसेबसे निभावते, पण या डब्यात सोया आणि फुटाणे आहेत, दोन्हींत चोथा भरपूर आहे, आणि पाण्याशिवाय तो आतड्यात अडून राहतो. पोट फुगणे, गुबारा धरणे, दोन दिवस शौचाला न होणे ही त्याची लक्षणे, आणि मग प्रथिनांनी पोट बिघडले असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात ते पाण्याअभावी बिघडलेले असते. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी प्यावे. लघवीचा रंग गडद पिवळा झाला की ते कमी पडते आहे असे समजावे. रात्री त्रास नको असेल तर त्यातले बहुतेक पाणी संध्याकाळी सातच्या आत प्यावे.

पिशवीत काय नसावे, हेही महत्त्वाचे आहे. घरून उकडलेली अंडी आणि पनीर नेऊ नका. शिजवलेले अंडे किंवा पनीर सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक नाही, कारण साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः उन्हाळ्यात नागपूरला जाताना सकाळी उकडलेली अंडी सोललेल्या अवस्थेत डब्यात नेली आणि सात तासांनी खाल्ली. वास आणि चव दोन्ही ठीक होते. त्या रात्रीपासून दोन दिवस उलट्या आणि जुलाबांनी मी अंथरुणाला खिळले होते. बिघडलेले अन्न दर वेळी वासावरून कळत नाही, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते अंगावर आले. अंडी खायचीच तर ती समोर गरम तव्यावरून उतरलेली खावीत, आणि पनीर निघण्यापूर्वी घरी.

परतीच्या विमानाबद्दल फार लिहावे लागणार नाही. कोलकाता ते पुणे उड्डाण अडीच-तीन तासांचे, विमानतळ आणि दोन्हीकडच्या टॅक्सीसह सहा-सात तास. म्हणजे मधे एकच जेवण येते. पण प्रवास म्हटला की आपण पूर्ण दिवस हातचा गेला असे धरून चालतो. हॉटेलच्या न्याहारीत तीन अंडी आणि दही घेतले की पंचवीस ग्रॅम तिथेच होतात. सुरक्षा तपासणी झाल्यावर आत पाणी घेऊन एक स्कूप प्यावा, आणि भूक लागलीच तर फुटाणे. भुकटी बिनलेबलच्या पिशवीत नेऊ नये; लेबल असलेल्या मूळ पाकिटात ठेवावी, म्हणजे तपासणीत प्रश्न उद्भवत नाहीत. चटणी, लोणचे, दही यांसारखे ओले पदार्थ हातातल्या सामानात न ठेवणे बरे. विमानात गरम पाणी ओतून दिले जाणारे पोहे किंवा उपमा हा हलका पर्याय वाटतो, पण तो शंभरी तीनच्याही खाली आहे. कधी परदेशी जाणे झाले तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत: हातातल्या सामानात द्रवपदार्थाचे एक भांडे बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरपेक्षा मोठे चालत नाही, आणि अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरहून अधिक भुकटी हातात असेल तर तिची वेगळी तपासणी होते, म्हणून मोठा डबा मोठ्या बॅगेत टाकावा.

गाडीत दिवसभर बसून राहिल्याने खर्च कमी होतो, मग कॅलरीही कमी कराव्यात का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. रोजची सात-आठ हजार पावले दीड हजारावर आली, तर तुमच्या वजनाला अडीचशेच्या आसपास कॅलरी कमी खर्च होतात. दोन महिन्यांतून एका दिवशी अडीचशे कॅलरी म्हणजे तीसेक ग्रॅम चरबीचा हिशेब. त्यासाठी उपाशी राहून रात्री भुकेने भलतेच काही खाण्याची वेळ आणू नये. १६०० तशाच ठेवा. हे सारे आकडे मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या प्रकृतीसाठी आहेत. तो असेल, किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, तर प्रथिनांची आणि जेवणांच्या वेळांची ही मांडणी आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

राहिला तो दीड किलो. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. दीड किलोसाठी साडेअकरा हजारांहून अधिक. दोन-तीन दिवसांत तुम्ही तेवढे खाल्ले असणे शक्य नाही. काटा दाखवतो ते बहुतेक पाणी आहे. रेल्वेच्या आणि हॉटेलच्या जेवणातले, लोणच्यातले मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. भात, मैदा आणि मिठाई वाढली की स्नायूंत ग्लायकोजेन साठते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी थांबते. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने घोट्यांना सूज येते. मोज्यांचा वळ उमटलेला तुम्ही पाहिला असेल. आणि शौचाला न झाल्याने आतड्यातला भारही त्यात येतो. परतल्यावर दुसऱ्या सकाळी काट्यावर उभे राहून, तो आकडा पाहून पुढचे दोन दिवस उपास करणे हीच खरी चूक आहे, कारण उपासानंतर जे खाल्ले जाते ते प्रवासापेक्षा जास्त असते.

परत आल्यावर तीन दिवस काट्याकडे जाऊ नका. घरचे नेहमीचे जेवण, नेहमीचे पाणी आणि पहिल्याच संध्याकाळी अर्धा तास चालणे एवढे करा. चौथ्या दिवसापासून सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, सलग सात दिवस वजन लिहा आणि त्यांची सरासरी प्रवासापूर्वीच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. फरक दोन-तीनशे ग्रॅमच्या आत असेल तर प्रवास नीट पार पडला. तो एक किलोच्या वर टिकून राहिला, तर दोष गाडीत शोधू नका. कोलकात्यातल्या मुक्कामात रोज किती वेळा मिष्टी दोई आणि रसगुल्ला झाला, व्यापाऱ्यांच्या पेढीवर किती चहा झाले, ते आठवून लिहून काढा आणि त्या मुक्कामाची नोंद मला पाठवा. ती पाहून पुढच्या खेपेची मांडणी करू.